स्लायसरने सांगितलेला वेळ आणि फिलामेंटचे वजन प्रत्यक्षाशी का जुळत नाही, आणि ते जुळवायचे कसे

थ्रीडी प्रिंटिंगमध्ये मॉडेलवरून प्रिंटरसाठी फाइल बनवणारा प्रोग्राम म्हणजे स्लायसर. ही फाइल तयार करून झाली की तो दोन आकडे दाखवतो: छपाईला लागणारा वेळ आणि खर्च होणारे फिलामेंट. हे दोन्ही आकडे पूर्ण हिशेबाने काढलेले असतात. स्लायसर त्या फाइलमधल्या आदेशांची, म्हणजे जी-कोडमधली, प्रत्येक हालचाल मनातल्या मनात चालवून पाहतो, प्रत्येक रेषेला किती वेळ लागेल ते मोजतो आणि एक्स्ट्रूडरने किती मिलिमीटर तार ढकलायची याची बेरीज करतो. मात्र हा हिशेब ज्या यंत्रासाठी होतो ते यंत्र स्लायसरमधल्या सेटिंगच्या संचात, म्हणजे प्रोफाइलमध्ये, नोंदवलेले असते. टेबलावर ठेवलेले यंत्र आणि रिळावरची तार यांची स्लायसरला काहीच कल्पना नसते. त्यामुळे अंदाज सुधारण्याचे काम म्हणजे प्रोफाइलमधल्या यंत्राला आणि तारेला खऱ्या यंत्राच्या व तारेच्या जवळ आणणे. आलेल्या वेळेला सरसकट सव्वापटीने गुणण्याची सवय अनेकांना असते, पण तो उपाय का टिकत नाही हे पुढच्या उदाहरणातून स्पष्ट होईल.

इथे फक्त फिलामेंट वापरणाऱ्या, एका नोझलच्या प्रिंटरचा विचार केला आहे. रंग बदलताना होणारे पर्जिंग आणि त्याचा वेळ हा वेगळा विषय आहे.

एक रेषा किती वेळ घेते

समजा इन्फिलचा वेग 150 मिमी/से ठेवला आहे आणि एक रेषा 10 मिमी लांब आहे. सरळ भागाकार केला तर 0.067 सेकंद उत्तर येते. पण प्रिंट हेड थांबलेल्या अवस्थेतून एकदम 150 वर जाऊ शकत नाही. त्याला वेग घ्यावा लागतो आणि रेषा संपण्याआधी तो कमीही करावा लागतो. वेग v आणि त्वरण a असेल, तर पूर्ण वेग गाठायला लागणारे अंतर असे निघते:

```
d = v² / (2a)
```

प्रोफाइलमध्ये त्वरण 3000 मिमी/से² लिहिले असेल, तर वेग घ्यायला 3.75 मिमी आणि तो उतरवायला तेवढेच अंतर लागते; मधले 2.5 मिमी पूर्ण वेगाने जातात आणि रेषेला 0.117 सेकंद लागतात. आता यंत्राच्या फर्मवेअरमध्ये मर्यादा 1500 असेल, तर वेग घ्यायलाच 7.5 मिमी लागतील, म्हणजे 10 मिमीच्या रेषेत 150 चा वेग कधी गाठलाच जाणार नाही. हेड अर्ध्या अंतरापर्यंत वेग घेत राहते, मग लगेच उतरवू लागते आणि रेषा 0.163 सेकंदांत पूर्ण होते. म्हणजे स्लायसरच्या हिशेबापेक्षा जवळपास 40 टक्के जास्त वेळ लागला.

हीच तुलना 100 मिमीच्या रेषेसाठी केली, तर स्लायसरचे उत्तर 0.717 सेकंद आणि यंत्राचे 0.767 सेकंद येते. फरक फक्त 7 टक्के. दोन्ही वेळा चूक एकच आहे, प्रोफाइल एकच आहे आणि यंत्रही तेच आहे. बदलली ती फक्त रेषेची लांबी. म्हणून मोठ्या सपाट झाकणावर जो गुणक लागू पडतो तो बारीक खाचाखोचा असलेल्या भागावर लागू पडत नाही. दोन्ही टोकांना हेड पूर्ण थांबते असे मी इथे हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहे. प्रत्यक्षात वळणावर ते थोडा वेग राखून वळते आणि तो वेग किती असावा हे जर्क, जंक्शन डेव्हिएशन किंवा स्क्वेअर कॉर्नर व्हेलॉसिटी या मर्यादा ठरवतात. दिशा मात्र हीच राहते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. त्वरण 1500 असताना इन्फिलचा वेग 150 वरून 200 केला, तरी 10 मिमीच्या रेषेला 0.163 सेकंदच लागतात, कारण तो वेग गाठायला जागाच नसते. वेगाचे आकडे वाढवूनही छपाई लवकर का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा इथे असते.

आधी सुरुवातीचा ठरलेला वेळ बाजूला काढा

वेळेतला फरक शोधायचा असेल, तर पहिली पायरी म्हणजे प्रत्यक्ष छपाईचा वेळ आणि तयारीचा वेळ यांची ताटातूट करणे. बेड तापणे, नोझल तापणे, होमिंग, बेडची जाळी मोजणे, सुरुवातीची पर्ज लाइन या सगळ्याला लागणारा वेळ छापायच्या वस्तूवर अवलंबून नसतो. तापण्याची वाट पाहायला लावणारे `M190` आणि `M109` हे आदेश स्लायसरला फाइलमध्ये दिसतात, पण तापायला किती वेळ लागेल हे त्याला कळू शकत नाही. सुरुवातीचा जी-कोड क्लिपर या फर्मवेअरच्या `PRINT_START` सारख्या एका मॅक्रोत असेल, तर त्या मॅक्रोच्या आत काय घडते हेही स्लायसरला दिसत नाही. त्याच्या लेखी ती एक ओळ असते.

म्हणून स्टॉपवॉच घेऊन दोन वेळा मोजा: यंत्र पूर्ण थंड असताना छपाईचा आदेश दिल्यापासून वस्तूची पहिली रेषा पडेपर्यंत, आणि आधीची छपाई नुकतीच संपली असताना तेवढेच. दोन आकडे वेगळे लिहून ठेवा, कारण गरम बेडवरची सुरुवात बरीच लवकर होते. पुढच्या उदाहरणातल्या यंत्रावर थंड सुरुवातीला साधारण 6 मिनिटे लागतात. वीस मिनिटांच्या छोट्या छपाईत ही 6 मिनिटे म्हणजे मोठा फरक, तर सात तासांच्या छपाईत नगण्य. म्हणूनच टक्केवारीत ती कधीच बसत नाहीत. ती नेहमी बेरजेतच धरायला हवीत. पुढे जिथे जिथे प्रत्यक्ष वेळ म्हटले आहे, तिथे पहिल्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंतचा वेळ समजावा.

दोन वेगळ्या आकारांची चाचणी

आता दोन वस्तू छापायच्या. पहिली साधी पेटी, जिच्या भिंती लांब आणि सरळ आहेत. दुसरी जाळीदार पट्टी, जिच्यात लहान भोके, छोटे कप्पे आणि त्यांच्यामधून सतत इकडून तिकडे जाणारे हेड आहे. दोन्ही एकाच प्रोफाइलने, एकाच तारेने आणि स्क्रीनवरचा वेग 100 टक्क्यांवर ठेवून छापायच्या. एक उदाहरण असे:

पेटीसाठी स्लायसरचा अंदाज 72 मिनिटे होता आणि प्रत्यक्षात 76 लागली. जाळीसाठी अंदाज 58 मिनिटांचा होता आणि लागली 77. पहिल्याचे गुणोत्तर 1.06, दुसऱ्याचे 1.33.

या दोन गुणोत्तरांची तुलनाच निदान सांगते. दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढली असती, तर बहुधा स्क्रीनवर किंवा `M220` ने वेग कमी केलेला आहे किंवा यंत्र सायलेंट मोडमध्ये आहे. सायलेंट मोड असलेल्या प्रिंटरसाठी प्रुसास्लायसर दोन वेगळे वेळ लिहितो आणि आपण चुकीचा वाचत असण्याचीही शक्यता असते. दोन्ही जवळपास बरोबर असून फक्त गोलसर, वक्र वस्तू लांबत असतील, तर कारण वेगळे आहे आणि त्याकडे पुढे येऊ. इथे मात्र लांब रेषांची वस्तू थोडी आणि छोट्या रेषांची वस्तू खूप लांबली आहे. हे त्वरणातल्या तफावतीचे अगदी नेहमीचे लक्षण आहे.

यंत्राच्या मर्यादा वाचा आणि स्लायसरमध्ये लिहा

मार्लिन फर्मवेअर असेल, तर टर्मिनलमधून `M503` पाठवा. उत्तरात अनेक ओळी येतात. आपल्या कामाच्या ओळी साधारण अशा दिसतात:

```
M201 X1500 Y1500 Z100 E5000
M203 X300 Y300 Z10 E50
M204 P1500 R1500 T1500
M205 X8 Y8 Z0.4 E5
```

`M201` ही प्रत्येक अक्षाच्या त्वरणाची कमाल मर्यादा, `M203` वेगाची, `M204` छपाई, रिट्रॅक्शन आणि रिकाम्या प्रवासाचे त्वरण आणि `M205` जर्क. फाइलमध्ये स्लायसरने `M204 P3000` असे लिहिले, तरी `M201` ची 1500 ची मर्यादा यंत्र ओलांडत नाही. हे शांतपणे घडते. स्क्रीनवर काहीही दिसत नाही. स्लायसर 3000 धरून वेळ मोजतो आणि यंत्र 1500 ने चालते.

`M205` च्या ओळीत X आणि Y ऐवजी `J` दिसला, तर ते जंक्शन डेव्हिएशन आहे. स्लायसर जर्कचा आकडा मागत असेल, तर तो असा काढता येतो:

```
jerk = √(J × a / 0.4)
```

J 0.013 आणि त्वरण 1500 असेल, तर उत्तर सुमारे 7 मिमी/से येते.

हे आकडे प्रुसास्लायसरमध्ये प्रिंटरच्या सेटिंगमधल्या `Machine limits` या पानावर आणि ऑर्कास्लायसरमध्ये `Motion ability` या पानावर लिहायचे असतात. प्रुसास्लायसरमध्ये तिथेच या मर्यादा कशा वापरायच्या याचा पर्याय असतो. `Emit to G-code` निवडले, तर स्लायसर त्या मर्यादा फाइलमधून यंत्रालाही पाठवतो. `Use for time estimate` निवडले, तर त्या फक्त वेळ मोजण्यासाठी वापरल्या जातात. आणि `Ignore` असेल, तर त्यांचा उपयोगच होत नाही. माझ्या मते दुसरा पर्याय अधिक सुरक्षित आहे. यंत्राच्या मर्यादा यंत्रातच राहाव्यात आणि स्लायसरने त्या फक्त जाणून घ्याव्यात, म्हणजे एखाद्या जुन्या फाइलमुळे यंत्राची सेटिंग बदलून पुढच्या सगळ्या छपायांचे हिशेब बिघडत नाहीत.

क्लिपरच्या बाबतीत गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे `printer.cfg` मधले `max_velocity`, `max_accel`, `max_z_velocity`, `max_z_accel` आणि `square_corner_velocity` हे आकडे बघायचे. क्लिपर `M201`, `M203` आणि `M205` हे आदेश पाळत नाही, पण `M204` पाळतो आणि फाइलमधून आलेले त्वरण कॉन्फिगमधल्या `max_accel` ची जागा घेते. म्हणजे मार्लिनमध्ये स्लायसरचा मोठा आकडा छाटला जातो, तर क्लिपरमध्ये तो लागू होतो. `square_corner_velocity` चा आकडा, जो मुळात 5 असतो, तोच स्लायसरच्या जर्कमध्ये X आणि Y साठी लिहावा. काटकोनी वळणासाठी दोन्हींचा अर्थ जवळपास एकच होतो. क्लिपरमध्ये `minimum_cruise_ratio` नावाची आणखी एक मर्यादा असते. छोट्या रेषांवर हेडने सतत वेग घेत-उतरवत धावू नये म्हणून ती त्यांचा कमाल वेग कमी करते. तिचे मूळ मूल्य 0.5 असताना आपली 10 मिमीची रेषा 0.163 ऐवजी सुमारे 0.173 सेकंद घेते आणि स्लायसरचा नेहमीचा हिशेब ही मर्यादा धरत नाही. क्लिपर वापरणाऱ्यांना बारीक कामात शेवटी उरणारा काही टक्क्यांचा फरक पुष्कळदा यातून येतो. तो नकोसा असेल, तर क्लिपरचेच नियम वापरून जी-कोडचा वेळ काढणारे `klipper_estimator` हे साधन त्यासाठीच आहे.

आपल्या उदाहरणातले यंत्र मार्लिनवर चालणारे होते आणि प्रोफाइलमध्ये 3000 लिहिलेले होते. ते 1500 करून दोन्ही फाइली पुन्हा स्लाइस केल्या. पुन्हा छापण्याची गरज नव्हती, कारण यंत्र आधीही 1500 नेच चालत होते. बदलायचा होता तो अंदाज. पेटीचा नवा अंदाज 75 मिनिटे आला, प्रत्यक्ष 76. जाळीचा नवा अंदाज 74 मिनिटे, प्रत्यक्ष 77. पेटीतल्या एका मिनिटाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. जाळीतली तीन मिनिटे मात्र शोधण्यासारखी होती.

झेड-हॉपची तीन मिनिटे

जाळीत हेड सतत एका कप्प्यातून दुसऱ्याकडे जाते आणि प्रत्येक वेळी नोझल 0.4 मिमी वर उचलून पुन्हा खाली आणते; हाच झेड-हॉप. झेड अक्ष बहुधा स्क्रूवर चालतो आणि त्याचे त्वरण फार कमी ठेवलेले असते. या यंत्रात ते 100 होते. प्रोफाइलमध्ये मात्र 500 होते. त्वरण 100 असताना 0.4 मिमीची एक चढण 0.126 सेकंद घेते. प्रोफाइलच्या 500 त्वरणाने आणि 10 मिमी/से वेगाच्या मर्यादेने तीच चढण 0.06 सेकंदांत होते. फरक 0.066 सेकंद, वर आणि खाली मिळून 0.13.

एवढा छोटा फरक किती वेळा येतो हे मोजायचे. हॉप सरळ वर-खाली असेल, तर प्रत्येक हॉपच्या दोन ओळी फाइलमध्ये असतात:

```
grep -c "^G1 Z" jali.gcode
```

आलेला आकडा निम्मा केला, की हॉपची संख्या कळते. थर बदलताना येणाऱ्या ओळी त्यात मिसळलेल्या असतात, पण त्या थोड्याच असतात. जाळीत सुमारे 1300 हॉप होते. 1300 गुणिले 0.13 म्हणजे 170 सेकंदांच्या आसपास, जवळपास तीन मिनिटे. झेडचे त्वरण प्रोफाइलमध्ये 100 केल्यावर अंदाज 77 वर येऊन जुळला. पेटीत हॉप मोजकेच असल्याने तिच्या अंदाजाला काहीच झाले नाही. अशा रीतीने प्रत्येक मिनिटाचे कारण हाती लागले, की पुढच्या वस्तूच्या अंदाजावर मनापासून विश्वास ठेवता येतो.

क्लिपरमध्ये `max_z_accel` लिहिलेलेच नसेल, तर ते `max_accel` इतके धरले जाते. अशा वेळी स्लायसरमध्येही तसेच लिहावे लागते.

वक्र भागांवर यंत्र अडखळत असेल तर

सगळ्या मर्यादा जुळल्यावरही फुलदाणीसारख्या गोल किंवा स्कॅन केलेल्या वस्तू लांबत असतील, तर तुकड्यांची संख्या बघावी. वक्र भिंत जी-कोडमध्ये अतिशय छोट्या सरळ रेषांनी बनते आणि 8 बिटच्या जुन्या बोर्डांना किंवा यूएसबीवरून एकेक ओळ मिळणाऱ्या यंत्रांना त्या पुरेशा वेगाने वाचता येत नाहीत. पुढच्या हालचालींची रांग रिकामी होत चालली, की मार्लिन मुद्दाम वेग कमी करतो. डोळ्यांना हे हेडच्या हलक्या झटक्यांत दिसते आणि भिंतीवर बारीक पुटकुळ्यांच्या रूपात उमटते. तीच फाइल यूएसबीऐवजी एसडी कार्डवरून चालवून पाहा. वेळ कमी झाला, तर कारण सापडले. मग स्लायसरमधल्या `G-code resolution` चा आकडा थोडा वाढवला, की तुकडे कमी होतात. वेळेचा अंदाज वाढवून हा दोष लपवू नये, कारण त्याचा परिणाम वस्तूच्या पृष्ठभागावरही होत असतो.

आता वजन

वजनाचा हिशेब वेळेपेक्षा सोपा आहे, पण त्यात गोंधळ जास्त होतो, कारण तीन वेगळ्या चुका एकाच आकड्यात मिसळतात. स्लायसर एक्स्ट्रूडरने ढकलायच्या तारेची लांबी काढतो, प्रोफाइलमधल्या व्यासावरून तिचे घनफळ काढतो आणि प्रोफाइलमधल्या घनतेने गुणतो. 1.75 मिमी व्यासाची एक मीटर तार म्हणजे 2.405 घन सेंमी. पीएलएची घनता 1.24 धरली, तर वजन 2.98 ग्रॅम. यातली लांबी स्लायसर स्वतः ठरवतो, म्हणून तीच त्यातली सर्वांत भरवशाची गोष्ट आहे. घनता आणि व्यास हे आपण सांगितलेले आकडे असतात, आणि एक्स्ट्रूडर खरोखर तेवढी लांबी ढकलतो का, हे स्लायसरला माहीत नसते.

तुलना करण्याआधी एक काळजी घ्यावी. स्लायसरचा आकडा सपोर्ट, ब्रिम आणि स्कर्टसह असतो. साफ केलेली वस्तू वजनकाट्यावर ठेवून ती हलकी का भरली असे विचारण्यात अर्थ नाही. काढलेला प्रत्येक तुकडा वस्तूबरोबर तोलावा. मॅक्रोतून टाकलेली पर्ज लाइन वेगळी तोलून बाजूला लिहून ठेवावी, कारण ती स्लायसरच्या हिशेबात बहुधा नसते. उदाहरणात ती 0.9 ग्रॅम भरली.

आता व्यास आणि घनता यांच्या मागे स्वतंत्रपणे न लागता त्यांचा एकत्रित परिणाम थेट मोजता येतो: तारेचे मीटरमागे वजन. रिळावरून 5 मीटर तार मोजून घ्या आणि 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला. एकच मीटर तोलली, तर काट्याचीच चूक काही टक्के होऊ शकते. 5 मीटरमध्ये ती एका टक्क्याच्या आत राहते. तार वाया जात नाही, ती पुढे छोट्या कामाला वापरता येते.

उदाहरणातल्या एका मोठ्या भागासाठी स्लायसरने 28.97 मीटर तार आणि 86.4 ग्रॅम वजन सांगितले. प्रत्यक्षात सपोर्टसह सगळे मिळून 82.6 ग्रॅम भरले. त्या तारेचे 5 मीटर 14.4 ग्रॅम भरले होते, म्हणजे मीटरमागे 2.88 ग्रॅम. 28.97 ला 2.88 ने गुणले की 83.4 येतात. जवळपास चार ग्रॅमच्या फरकातले तीन ग्रॅम तारेतूनच आले होते. कॅलिपरने तारेचा व्यास पाच-सहा ठिकाणी मोजला, तेव्हा सरासरी 1.72 मिमी आली. घनफळ व्यासाच्या वर्गानुसार बदलते, त्यामुळे 0.03 मिमीचा फरक 3.4 टक्क्यांचा होतो; घनता मात्र 1.24 च निघाली.

उरलेल्या 0.8 ग्रॅमसाठी एक्स्ट्रूडरची चाचणी घेतली. एक्स्ट्रूडरच्या तोंडापासून 120 मिमीवर तारेवर खूण करून, नोझल गरम ठेवून, अगदी सावकाश 100 मिमी तार ढकलायला लावायची आणि खूण किती उरली ते मोजायचे. खूण 21 मिमीवर होती, म्हणजे 99 मिमीच गेली होती. 83.4 चे 99 टक्के म्हणजे 82.6. हिशेब पूर्ण झाला.

दुरुस्ती नेमकी कुठे करायची

इथे घाई केली, तर अंदाज सुधारतो आणि छपाई बिघडते. स्लायसरमध्ये व्यास 1.75 वरून 1.72 केला, तर स्लायसर जास्त लांबी ढकलायला सांगतो. म्हणजे हा बदल फक्त आकड्यात राहत नाही, तो छपाईत उतरतो. आपण या तारेसाठी फ्लो, म्हणजे तार ढकलण्याचे प्रमाण, आधीच भिंतीची जाडी मोजून जुळवला असेल, तर बारीक तारेची भरपाई त्या फ्लोमध्ये झालेली असते आणि व्यास बदलल्यास ती दोनदा होते. अशा वेळी व्यास 1.75 च ठेवावा आणि फक्त घनता बदलावी. 2.88 ला 2.405 ने भागले की 1.197 येते, घनतेच्या रकान्यात 1.20 लिहावे. घनता बदलल्याने जी-कोडमधली एकही हालचाल बदलत नाही, फक्त वजनाचा आकडा बदलतो. याउलट नवी तार असेल आणि फ्लो जुळवायचा बाकी असेल, तर खरा व्यास लिहावा, घनता 1.24 ठेवावी आणि मग फ्लो जुळवावा.

एक्स्ट्रूडरची 1 टक्क्याची तूट फर्मवेअरमध्ये सुधारणे उत्तम. मार्लिनमध्ये `M92` मधला E चा आकडा 100/99 ने गुणून `M500` ने जतन करायचा. क्लिपरमध्ये `rotation_distance` ला 99/100 ने गुणायचे. त्यानंतर आधी जुळवलेला फ्लो 1 टक्क्याने कमी करावा लागेल, हे विसरू नये.

एक मर्यादा इथे सांगायला हवी. ही चाचणी सावकाश वेगाची आहे. वेगाने छापताना नोझलमधला दाब वाढतो, एक्स्ट्रूडरचे दाते तारेवर थोडे घसरतात आणि आदेशापेक्षा कमी तार जाते. शंका असेल, तर एकच छोटी वस्तू एकदा नेहमीच्या वेगाने आणि एकदा निम्म्या वेगाने छापून दोन्ही तोलाव्यात. वेगाने छापलेली हलकी भरली, तर तो अंदाजाचा प्रश्न राहत नाही. वस्तूत खरोखर प्लास्टिक कमी आहे आणि ती कमजोर असेल. प्रोफाइलमध्ये कमाल घनफळ प्रवाहाची मर्यादा कमी करा. वेळेचा अंदाज वाढेल, पण तो खरा असेल.

फ्लो स्क्रीनवरून किंवा `M221` ने बदलला असेल, तर तो बदल स्लायसरला दिसत नाही. लाकूड, धातू किंवा कार्बन फायबर मिसळलेल्या तारांना 1.24 ची घनता लागू पडत नाही, म्हणून प्रत्येक नव्या रिळाचे 5 मीटर तोलणे योग्य. रीळच आधी आणि नंतर तोलून खर्च काढायचा असेल, तर दमट हवेत नायलॉनसारखी तार काही टक्के पाणी शोषते आणि ड्रायरमध्ये ते गमावते. दोन तोलांमध्ये तार वाळवली असेल, तर ती तुलना धरू नये.

नव्या कामाचा अंदाज

हे सगळे जुळवल्यावर तोच मोठा भाग पुन्हा छापायचा आहे असे समजा. घनता 1.20 लिहिल्यावर स्लायसर सुमारे 83.6 ग्रॅम दाखवतो, एक्स्ट्रूडरची तूट अजून सुधारलेली नसल्याने प्रत्यक्षात 82.6 लागतील आणि पर्ज लाइनचे 0.9 मिळून 83.5. वेळ 3 तास 5 मिनिटे दाखवली आहे. यंत्र थंड आहे, म्हणून 6 मिनिटे वाढवून 3 तास 11 मिनिटे धरायची. वेळेतला चार-पाच मिनिटांचा फरक खपण्यासारखा असतो. तार मध्येच संपली, तर मात्र वस्तू टाकून द्यावी लागते.

रिळावर थोडीच तार उरली असेल, तर हिशेब बारकाईने करावा. उरलेले रीळ 312 ग्रॅम भरते आणि त्याच कंपनीच्या रिकाम्या रिळाचे वजन 224 ग्रॅम आहे, तर तार 88 ग्रॅम. त्यातून 83.5 वजा केले, की 4.5 ग्रॅम उरतात. बाउडन नळी असलेल्या यंत्रात नळीतली तार शेवटी वापरता येत नाही. साधारण 45 सेंमीची नळी धरली, तर 1.3 ग्रॅम गेले. अंदाजात अजून दीड टक्का चूक धरली, तर आणखी 1.2 ग्रॅम. तरी दोन ग्रॅम, म्हणजे सुमारे 70 सेंमी तार हाताशी राहते आणि छपाई सुरू करायला हरकत नाही. रिकाम्या रिळाचे वजन मोजलेले नसून फक्त अंदाजाने धरलेले असेल, तर हे दोन ग्रॅम पुरेसे नाहीत, कारण वेगवेगळ्या रिकाम्या रिळांच्या वजनात कितीतरी ग्रॅमचा फरक असतो. अशा वेळी नवे रीळ लावावे आणि जुने रिकामे झाल्यावर तोलून त्याचे वजन लिहून ठेवावे.